उजवा रकाना आधी : एकट्या एडिटरला झटपट वाचता येईल असा शॉट-आवाजाचा तक्ता

पुण्याच्या कसब्यातल्या, तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबट आळीवर तीन मिनिटांची फिल्म करायची होती. शूटिंग दोन सकाळींत आटोपलं, स्क्रिप्ट लिहून झालं आणि मी ते एडिटरला पाठवून निवांत झालो. रात्री साडेदहाला पहिला फोन. "तू लिहिलंयस 'हातोड्याचा शॉट'. कुठला हातोडा? माझ्यासमोर हातोड्याचे छत्तीस शॉट आहेत." मग अकराला दुसरा, सव्वाअकराला तिसरा. शेवटी तो वैतागून म्हणाला, "हे बघ, मला गोष्ट नको सांगूस, क्लिपचा नंबर सांग."

चूक माझीच होती. मी निबंधासारखं सलग लिहिलं होतं. निवेदन, त्यामागचा भाव, कंसात चार-दोन दृश्यं. वाचायला बरं, कापायला निरुपयोगी. मोठ्या युनिटमध्ये असिस्टंट असतो, तो क्लिपा लावून ठेवतो, दिग्दर्शक शेजारी बसून बोट दाखवतो. कर्वेनगरच्या एका खोलीत रात्री एकटाच बसलेल्या एडिटरकडे फक्त कागद असतो. त्याची नजर टाइमलाइनवरून कागदावर येते, दोन-तीन सेकंद थांबते आणि परत जाते. त्या दोन-तीन सेकंदांत त्याला हवं ते सापडलं पाहिजे. तीच स्क्रिप्ट मी मग दोन रकान्यांत नव्यानं मांडली, ती कशी ते इथे सांगतो. उदाहरणं त्याच फिल्मची आहेत.

दोनच रकाने, आणि ओळ तुटते आवाजावर

डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तक्ता करायला बसलं की हात शिवशिवतात. क्रमांकाला एक रकाना, वेळेला एक, ग्राफिकला एक, शेऱ्याला एक. बघता बघता सात रकाने होतात, प्रत्येक रकाना बोटभर रुंद राहतो आणि निवेदनाचं एक वाक्य आठ तुकड्यांत खाली उतरतं. मोबाइलवर उघडलं तर विचारूच नका. म्हणून दोनच ठेवा. क्रमांक आणि वेळ डाव्या चौकटीच्या पहिल्या रेषेत ठळक अक्षरात बसतात, त्यांना वेगळं घर लागत नाही.

खरा प्रश्न असतो तो नवी ओळ कधी सुरू करायची हा. माझी जुनी सवय शॉट बदलला की ओळ बदलायची. दृश्यमाध्यम आहे, तेव्हा दृश्यावरून तोडा, असं सरळ वाटतं. पण एडिटर कसा काम करतो ते शेजारी बसून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. माहितीपर फिल्ममध्ये तो आधी आवाज लावतो. निवेदन, मुलाखतीचे तुकडे, मधले श्वास हे सगळं टाइमलाइनवर मांडून, डोळे मिटून ऐकता येईल अशी फिल्म तो आधी करतो आणि मग त्यावर चित्र पसरतो. म्हणजे तो उजवा रकाना वरून खालपर्यंत एकदा पूर्ण वाचतो आणि नंतर डाव्याकडे वळतो.

ओळ शॉटवर तोडली, की निवेदनाच्या एका वाक्याचे तीन चौकटींत तीन तुकडे होतात आणि उजवा रकाना सलग वाचता येत नाही. म्हणून ओळ आवाजावर तोडायची. निवेदन संपून बाईट, म्हणजे मुलाखतीचा तुकडा, सुरू झाला, नवी ओळ. बाईट संपून नुसता हातोडा ऐकू आला, नवी ओळ. एका ओळीच्या डाव्या चौकटीत तीन-चार शॉट एकाखाली एक आले तरी चालतात. निवेदन लांबलं तर विषय जिथे कूस बदलतो तिथे तोडा. माझं माप साधारण पंधरा सेकंदांचं आहे. त्याहून लांब चौकट झाली की एडिटरची नजर परत येताना नेमकी जागा शोधत बसते.

कागद कसा आखायचा

यात फार रमण्यासारखं काही नाही. A4 उभा कागद, चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर समास. उरलेल्या अठरा सेंटिमीटरपैकी आठ डावीकडे, दहा उजवीकडे, कारण निवेदनाला जागा जास्त लागते. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको.

दोन गोष्टी मात्र न चुकता करा. एक, वरची शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर यावी. Google Docs मध्ये त्या ओळीवर राइट क्लिक करून Pin header चा पर्याय निवडला की झालं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कुठलीही ओळ पानाच्या शेवटी अर्धी तुटू नये. Table properties मध्ये Row खाली Allow row to overflow across pages असा पर्याय असतो, त्याची खूण काढून टाका. Word मध्ये हाच पर्याय Allow row to break across pages या नावानं आहे. ओळ तुटली, की निवेदन एका पानावर आणि त्याचा शेवटचा शॉट दुसऱ्या पानावर जातो. तो शॉट एडिटरकडून हमखास सुटतो.

तक्त्याच्या वर चार ओळींची पाटी हवी. फिल्मचं नाव, ठरलेली लांबी, चित्राची चौकट आडवी की उभी, सेकंदाला किती फ्रेमचं प्रोजेक्ट (आपल्याकडे बहुतेक वेळा २५), कुठल्या कार्डाला कुठलं अक्षर, आणि तक्त्याची तारीख. बस.

क्लिपचं नाव : सगळं इथेच अडतं

सोनीचे बरेच कॅमेरे फाइलला C0001, C0002 अशी नावं देतात. कार्ड बदललं किंवा फॉरमॅट केलं की सेटिंगप्रमाणे आकडा पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतो. आमच्याकडे दोन सकाळची दोन कार्डं होती आणि दोन्हींत C0012 होती. एकीत भिंतीला टेकलेले बंब, दुसरीत रस्त्यावरून जाणारी रिक्षा. मी नुसतं C0012 लिहिलं असतं तर पाणी तापवायच्या बंबांच्या जागी रिक्षा आली असती.

उपाय सोपा आहे. पहिल्या दिवसाच्या कार्डाला A, दुसऱ्याला B, आणि फाइलच्या नावाआधी ते अक्षर. हे नामकरण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली आत घेण्याआधी व्हायला हवं. नंतर डिस्कवर नाव बदललं तर सॉफ्टवेअरला फाइल सापडत नाही आणि स्क्रीनभर 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी झळकते. नावांचा साचा असा :

```
A_C0031.MP4
B_C0012.MP4
VO_02.wav
VO_05.wav
```

निवेदनाच्या फाइलला तक्त्यातल्या ओळीचाच क्रमांक दिलाय, हे लक्षात घ्या. दुसऱ्या ओळीचं निवेदन VO_02. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत निवेदन नाही म्हणून VO_03, VO_04 अस्तित्वातच नाहीत. आकड्याआधीचं शून्य मुद्दाम आहे. ते नसेल तर काही ठिकाणी यादी लावताना 1 नंतर 10 येतो आणि 2 कुठेतरी खाली जातो. स्टुडिओत एका दमात रेकॉर्डिंग होणार असेल तर निवेदकाला प्रत्येक तुकड्याआधी क्रमांक मोठ्यानं म्हणायला सांगा. 'पाच' असं ऐकू आलं की एडिटर तिथे कापतो, विचारायला फोन करत नाही.

नावापाठोपाठ वर्णन येतं, आणि इथे लेखकाची खोड नडते. मी पहिल्या खर्ड्यात एका शॉटपुढे 'परंपरेची एकाकी झुंज' असं लिहिलं होतं. एडिटर स्क्रीनवर अंगठ्याएवढ्या चित्रांच्या रांगा बघत असतो. त्या चित्रात झुंज दिसत नाही. 'म्हातारा हात, घंगाळाची कड, उजवीकडून ऊन' हे दिसतं. चार-पाच शब्द पुरेत. काय आहे, किती जवळून आहे, कॅमेरा स्थिर की फिरता. नंबर लिहिताना चुकला तरी वर्णनावरून शॉट सापडला पाहिजे, आणि वर्णन मोघम झालं तरी नंबरावरून. दोन्ही लिहायचं कारण एवढंच.

आकड्यांबद्दल माझी एक खासगी रीत आहे. जे एडिटरच्या स्क्रीनवर जसंच्या तसं दिसतं, म्हणजे क्लिपचा नंबर, ओळीचा क्रमांक, घड्याळाची वेळ, ते मी इंग्रजी अंकांत लिहितो. शॉट किती सेकंद वापरायचा हे मराठी अंकांत. एकाच चौकटीत 0033 आणि ३ शेजारी आले तरी गफलत होत नाही. कुणाला हे अतिरेकी वाटेल. मला उपयोगी पडलंय.

उजवी चौकट : चार प्रकारचे आवाज

आमच्याकडे चार शब्द चालतात आणि ते सगळ्यांना कळतात. व्हीओ म्हणजे निवेदन, बाईट म्हणजे मुलाखतीतला तुकडा, ॲम्ब म्हणजे जागेवरचा आवाज, आणि म्युझिक. प्रत्येक आवाजाची सुरुवात या शब्दानं, ठळक अक्षरात. एका चौकटीत दोन आवाज असतील तर पुढे असलेला वर आणि मागचा खाली लिहायचा. ॲम्बला जोडून 'पूर्ण' किंवा 'खाली' हा शब्द हवाच. 'पूर्ण' म्हणजे फक्त तोच ऐकू येतो. 'खाली' म्हणजे निवेदनाच्या पायाशी मंद चालू राहतो. डेसिबलचे आकडे देऊ नका, ते एडिटरचं काम आहे आणि त्याचा कान तुमच्या आकड्यापेक्षा बरा असतो.

व्हीओचा मजकूर जसा बोलायचा तसाच लिहा. आकडे अक्षरांत. '१७५०' असं लिहिलं तर एक निवेदक 'सतराशे पन्नास' म्हणेल, दुसरा 'एक हजार सातशे पन्नास', आणि दोघांच्या वेळेत जवळजवळ सेकंदाचा फरक पडेल. प्रत्येक व्हीओपुढे सेकंद लिहायचे, आणि ते मनातल्या मनात वाचून ठरवायचे नाहीत. मनातलं वाचन नेहमी घाईचं असतं. मोबाइलवर मोठ्यानं रेकॉर्ड करा आणि लांबी बघा. आमच्या निवेदकाचा वेग सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास निघाला. तुमच्या निवेदकाची दोन मिनिटं रेकॉर्ड करून शब्द मोजा. 'हातोड्याखाली' आणि 'की' हे दोन्ही एकेकच शब्द धरले जातात, त्यामुळे शब्दसंख्या हा अंदाज आहे. खरं माप रेकॉर्डिंगचंच.

बाईटची गंमत वेगळी. मी VLC वर मुलाखत बघून 1:42 अशी वेळ टिपली होती. एडिटरनं तीच क्लिप उघडली तर त्याच्या स्क्रीनवर ती सुरूच होत होती कुठल्यातरी दुसऱ्याच आकड्यापासून. कारण VLC क्लिपच्या सुरुवातीला शून्य धरून मोजतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर कॅमेऱ्यानं क्लिपमध्ये नोंदवलेला टाइमकोड दाखवतं. कॅमेऱ्याचा टाइमकोड बहुधा आधीच्या क्लिपपासून पुढे चालू असतो. Premiere Pro मध्ये Media च्या सेटिंगमध्ये Start at 00:00:00:00 निवडता येतं, म्हणजे दोघांची घड्याळं जुळतात. पण फाइली आत घेण्याआधी ते निवडायचं लक्षात राहील याची खात्री कोण देणार?

म्हणून वरच्या पाटीत 'वेळा क्लिपच्या सुरुवातीपासून' असं एकदा लिहा आणि प्रत्येक बाईटचे पहिले व शेवटचे शब्द तसेच्या तसे उतरवा. वेळ एडिटरला घरापर्यंत नेते, दार शब्दांनी सापडतं. मुलाखत देणारे 'मंग', 'त्ये' म्हणाले असतील तर तेच लिहा. प्रमाण करून लिहिलेलं वाक्य तो ऐकत बसेल आणि त्याला ते सापडणार नाही.

बाईटच्या मधला भाग गाळायचा असेल तिथे […] अशी खूण करा. जिथे ही खूण आली तिथे डाव्या चौकटीत झाकायला शॉट असलाच पाहिजे, नाहीतर बोलणाऱ्याचं डोकं कापाच्या जागी टुणकन उडी मारतं. खूण उजवीकडे आहे आणि डावीकडे फक्त चेहराच आहे, असं दिसलं की समजा ती ओळ अजून झालेली नाही.

पहिली अडतीस सेकंदं

आता प्रत्यक्ष तक्ता. डाव्या चौकटीतली पहिली रेषा अशी वाचायची : ओळीचा क्रमांक, फिल्ममध्ये ती कुठे सुरू होते, किती सेकंद चालते.

| दृश्य | आवाज |
|---|---|
| 01 · 0:00 · ७ से.
काळा पडदा, २
A_C0031 हातोडा आणि घंगाळ, अगदी जवळून, स्थिर, ५ | ॲम्ब पूर्ण A_C0031, काळ्या पडद्यापासूनच, ७ से. |
| 02 · 0:07 · ९ से.
A_C0004 आळीचं तोंड, सकाळ, स्थिर, ४
A_C0007 दुकानाची फळी उघडते, ३
B_C0012 भिंतीला टेकलेले बंब, ४
राखीव : A_C0009
अक्षरं (पहिल्या शॉटवर) : तांबट आळी, कसबा पेठ, पुणे | व्हीओ VO_02, ९ से.
कसबा पेठेतल्या या आळीत शिरलं, की आधी कान जागे होतात. पत्रा दिसायच्या आधी त्याच्यावरचा ठोका ऐकू येतो.
ॲम्ब खाली A_C0004 |
| 03 · 0:16 · ७ से.
B_C0021 कारागीर, छातीपर्यंत, ४
झाकायला : A_C0033 हात थांबतो, भांडं फिरवतो, ३ | बाईट B_C0021, 1:42 ते 1:58 मधले ७ से.
"ठोका चुकला, की ते आधी हाताला कळतं […] डोळ्याला नंतर दिसतं." |
| 04 · 0:23 · ४ से.
B_C0040 हातोडा पत्र्यावर, स्लो, एकच ठोका, ४ | ॲम्ब पूर्ण A_C0031 मधला एक ठोका, चित्रात बसतो तिथेच. बाकी शांतता. |
| 05 · 0:27 · ११ से.
B_C0044 भांडं चिमट्यानं भट्टीत, ५
B_C0046 तांबं लालसर होतंय, ४
A_C0038 पुन्हा ठोके, मध्यम अंतर, ३
राखीव : B_C0047 | व्हीओ VO_05, ११ से.
ठोके बसत गेले, की तांबं कडक होत जातं. मग भांडं पुन्हा भट्टीत जातं, लालसर होईपर्यंत तापतं आणि मऊ होऊन परत हातोड्याखाली येतं.
ॲम्ब खाली B_C0044, शेवटच्या शॉटला A_C0038 |

पहिल्या ओळीत चित्र दोन सेकंदांनी येतं आणि आवाज आधीच सुरू असतो. हे शब्दांत लिहिलं नसतं तर एडिटरनं हातोड्याचं चित्र आणि आवाज एकत्रच उचलून काळ्या पडद्यानंतर ठेवला असता, आणि काळ्या पडद्याला काही अर्थ उरला नसता. आवाज चित्राच्या आधी येतो किंवा नंतरही रेंगाळतो, तिथे तसं सरळ वाक्यात सांगा. बाण, चिन्हं, रंग यांची सांकेतिक भाषा करण्याचा मोह मलाही झाला होता. मग त्या भाषेची सूची लागते, आणि सूची बघायला एडिटरला पान पुन्हा वर न्यावं लागतं.

चौथ्या ओळीत एक खाचखळगा आहे. सोनीच्या स्लो मोशनच्या खास मोडमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही. दुसरीकडे कुठे आवाज आला तरी चित्राबरोबर तोही ताणला की गुरगुरल्यासारखा होतो. त्यामुळे स्लो शॉटपुढे आवाज कुठून घ्यायचा ते लिहिणं भाग आहे. आम्ही आधी तिथे 'ॲम्ब पूर्ण A_C0031' एवढंच लिहिलं होतं. एडिटरनं ते इमानदारीनं लावलं. चित्रात एक संथ ठोका आणि कानावर चार ठोके! म्हणून नंतर 'एक ठोका, चित्रात बसतो तिथेच' हे शब्द घातले.

तिसऱ्या ओळीच्या बाईटबद्दल एक कबुली. कारागीर बोलत होते तेव्हा शेजारच्या दुकानात ठोकणं चालू होतं, आणि 1:42 ते 1:58 मधली गाळलेली नऊ सेकंदं ही त्या ठोक्यांत बुडालेली आहेत. ठोके जिथे सुरात येतात तिथेच कापलं तर काप ऐकू येत नाही. कापाच्या अलीकडे-पलीकडे ठोक्यांची लय तुटली की झाकायचा शॉट ठेवूनही कान पकडतो. हे मी तक्त्यात लिहिलं नाही, फोनवर सांगितलं. सगळं कागदावर मावत नाही.

पडद्यावरची अक्षरं

जी अक्षरं पडद्यावर येणार ती डाव्या चौकटीत, 'अक्षरं' या शब्दानंतर, शुद्धलेखन तपासून, युनिकोडमध्ये. एडिटर ती टाइप करणार नाही, उचलून चिकटवेल. तुमच्या चुकीची वेलांटी तशीच पडद्यावर जाईल. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर चिकटवला तर रोमन अक्षरांची भेळ होते. पुण्यात आजही कित्येक संस्थांकडून मजकूर तसाच येतो, तेव्हा तो आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्या.

युनिकोड असूनही जोडाक्षरं फुटू शकतात. Premiere Pro मध्ये टेक्स्ट इंजिन South Asian and Middle Eastern वर असावं लागतं, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी बसतात. हे एडिटरला माहीत असेलच असं नाही, तो कदाचित एरवी फक्त इंग्रजी कामं करत असेल. मी वरच्या पाटीत 'दुसऱ्या पिढीतले कर्ते' असा एक तपासणीचा शब्दसमूह ठेवतो. 'ऱ्या'चा अर्धा र, 'पि'ची वेलांटी आणि 'र्ते'चा रफार नीट दिसले, की बाकीचं बहुतेक नीट दिसतं.

पाठवण्याआधीची तपासणी

पहिली बेरजेची. प्रत्येक ओळीत डावीकडच्या शॉटांचे सेकंद मिळवा आणि उजवीकडच्या आवाजाच्या लांबीशी ताडून पाहा. दुसऱ्या ओळीत ४, ३ आणि ४ मिळून ११ होतात, व्हीओ ९ चा आहे. दोन सेकंद शिल्लक, छान. पाचवीत १२ ला ११, तेही ठीक. डावीकडची बेरीज कमी भरली तर तिथे एडिटरला भोक दिसणार. मग तो एकतर शॉट ताणेल किंवा हाताला लागेल तो टाकेल. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये एका २० सेकंदांच्या निवेदनावर फक्त दोन शॉट होते, मिळून नऊ सेकंदांचे. लिहिताना ते मला दिसलंच नव्हतं, कारण सलग मजकुरात बेरीज करता येत नाही. पहिल्या आणि चौथ्या ओळीत मात्र दोन्ही बाजू बरोबर समान हव्यात, कारण तिथे चित्र आणि ठोका एकमेकांना बांधलेले आहेत.

दुसरी, उजवा रकाना मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा. बाईट असेल तिथे ती वाक्यं वाचा, ॲम्ब पूर्ण असेल तिथे टेबलावर बोटांनी ठोका आणि तितके सेकंद थांबा. घरचे चमत्कारिक नजरेनं बघतील. पण तीन मिनिटांची फिल्म चार मिनिटांची होतेय हे इथेच कळतं. आमची पहिली बेरीज तीन मिनिटं बत्तीस सेकंद निघाली. निवेदनाच्या दोन चौकटी मी तिथेच उडवल्या, त्यांवर शॉट शोधायची मेहनत वाचली.

तिसरी कंटाळवाणी आहे आणि टाळली की महागात पडते. तक्त्यातला प्रत्येक नंबर खरोखर उघडून बघा. मला दोन चुका सापडल्या. एका ठिकाणी 0064 च्या जागी 0046 पडलं होतं. दुसऱ्या शॉटला मी पाच सेकंद दिली होती, पण त्यातल्या तीन सेकंदांनंतर कॅमेऱ्यासमोरून सायकल जात होती.

हा तक्ता कुठे गळतो

गाण्यावर कापलेल्या झपाट्याच्या तुकड्यांना हा तक्ता जाचक होतो. पॉलिश करताना, चिंच चोळताना, चकाकणाऱ्या कडा असा वीस सेकंदांचा पंधरा शॉटांचा तुकडा आमच्या फिल्ममध्ये होता. तिथे मी शॉटांचा क्रम लिहिलाच नाही. 'पॉलिशचा ढीग : B_C0051 ते B_C0074, त्यातले चांगले निवड, शेवटचा शॉट B_C0070' एवढंच. म्युझिकचा ताल त्याला जास्त कळतो. जिथे क्रमाला अर्थ आहे तिथे हुकूम द्या, जिथे नाही तिथे ढीग द्या आणि शेवट सांगा. संवादांनी चालणाऱ्या लघुपटाला तर हा साचा वापरूच नका. तिथे बोलणं आणि चेहरा वेगळे करता येत नाहीत, आणि दोन रकान्यांत ते उगाच ताणले जातात.

पाठवल्यानंतर बदल आला तर

बदल येणारच. तांबट आळीच्या फिल्ममध्ये काम देणाऱ्यांनी नववी ओळ नको म्हटलं आणि सातवीनंतर एक नवी मागितली. अशा वेळी क्रमांक पुन्हा लावू नका. एडिटरच्या टाइमलाइनवर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मार्कर असतो आणि त्यावर तुमचाच क्रमांक असतो. निवेदनाच्या फाइलीही त्याच क्रमांकाच्या आहेत. तुम्ही दहावीला नववी म्हणालात, की VO_10 कुठली हा नवा घोळ. नवी ओळ 07अ, तिची फाइल VO_07A. वगळलेली ओळ तक्त्यातून पुसायची नाही, तिच्यावर आडवी रेघ आणि 'रद्द' हा शब्द, म्हणजे एडिटरला कळतं की ती हरवलेली नाही, काढलेली आहे. बदललेल्या चौकटींना पिवळा रंग द्या आणि पुढच्या आवृत्तीत तो काढून फक्त नव्या बदलांना ठेवा. वरच्या पाटीतली तारीख बदला. त्यानंतरच्या सगळ्या वेळाही नव्यानं मांडा, कारण 07अ सहा सेकंदांची असेल आणि नववी आठ सेकंदांची गेली असेल, तर आठवी ओळ सहा सेकंद पुढे जाते आणि दहावीपासून सगळं दोन सेकंद अलीकडे येतं.

नवा तक्ता पाठवल्यावर एडिटरचा एकच फोन आला. VO_05 मध्ये निवेदकानं 'तांबं' ऐवजी 'तांबे' म्हटलं होतं आणि तक्त्यात 'तांबं' होतं, कुठलं ठेवायचं?